खटकणारी बॅग आणि न लिहिलेले तीन महिने

ताई, फोटो एडिटिंगचा कोर्स संपवून मी पहिली नोकरी शोधतोय. जाहिरातींचं काम करणाऱ्या एका स्टुडिओला ज्युनिअर रिटचर हवाय, मुख्यतः कॉम्पोझिट आणि बॅकग्राउंडच्या कामासाठी. अर्जासोबत कव्हर लेटर मागितलंय. मी लिहिलेलं असं: ‘मी एक सर्जनशील, मेहनती व बारकाईने काम करणारा उमेदवार असून फोटोशॉपवर माझं प्रभुत्व आहे. आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन.’ पुढे सुचत नाही, कारण अनुभवच नाही. तीन महिने एका ऑनलाइन दुकानासाठी वस्तूंचे कटआउट केले, रोज ४०-५०, पण ती हमाली म्हणून पत्रात घातली नाही. दोन कामं पाठवतोय: संध्याकाळच्या प्लॅटफॉर्मवरची ट्रॉली बॅग, आणि आडव्याचा उभा केलेला खुर्चीचा फोटो. मूळ फोटोही जोडलेत, सगळे मीच काढलेले. बॅगेचं चित्र मलाच खटकतं, पण काय ते कळत नाही. ते काढून टाकू का?
– एक नवशिका रिटचर

बॅग काढू नकोस. तुझं पत्र त्या बॅगेवरच उभं राहणार आहे. पण आधी ती का खटकते ते बघू.

प्लॅटफॉर्मच्या मूळ फोटोवर एक कोरा लेयर घे. रूळ, प्लॅटफॉर्मची कड, छपराची कड अशा लांबवर जाणाऱ्या रेघा लाल रंगाने पुढे ओढत ने. त्या सगळ्या एका बिंदूत जाऊन मिळतात. त्या बिंदूतून एक आडवी रेघ मार. ही क्षितिजरेषा, म्हणजे फोटो काढताना तुझा कॅमेरा जितक्या उंचीवर होता ती पातळी. आता मागे उभी असलेली माणसं बघ. जवळचा असो की लांबचा, ही रेघ प्रत्येकाच्या गुडघ्याच्या जरा वरून जाते. म्हणजे कॅमेरा जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर होता. तू बहुतेक उकिडवा बसून फोटो काढला असशील.

बॅगेचा फोटो मात्र तू उभ्याने काढलायस. तिचा माथा दिसतो, हँडलची खाच दिसते, आणि दोन्ही बाजू खाली चाकांकडे निमुळत्या होत जातात. अशी मोठी ट्रॉली बॅग साधारण ७० सेंटिमीटर उंच असते. ६० सेंटिमीटरवर धरलेल्या कॅमेऱ्याला ७० सेंटिमीटरच्या वस्तूचा माथा दिसूच शकत नाही. बघणाऱ्याला हे गणित ठाऊक नसतं, पण त्याचे डोळे जन्मापासून हेच बघत आलेले असतात. तुला खटकत होतं ते हे.

आणि अजून एक. तुझ्या चित्रात क्षितिजरेषा बॅगेच्या बरोबर मधून जाते. त्या प्लॅटफॉर्मवर रेघेखाली ६० सेंटिमीटर असतात, मग रेघ बॅगेच्या मध्यावर आली म्हणजे तुझी बॅग १२० सेंटिमीटर उंच झाली. सात वर्षांच्या मुलाएवढी! बॅगेचा आकार तू नजरेने ठरवलास, आणि ‘वस्तू मोठी दिसली पाहिजे’ या हौसेपायी ती वाढत गेली. खरी जागा अशी: रेघेने बॅगेला खालून सात भागांपैकी सहाव्या भागावर कापलं पाहिजे. बॅग पुढे आण, मागे ने, लहान कर, मोठी कर, ती त्याच सपाट जमिनीवर उभी असेल तर रेघ तिला तिथेच कापणार. आकार तपासायची याहून सोपी युक्ती मला तरी माहीत नाही.

आता हे फोटोशॉपमध्ये ताणून-चेपून सुधारायच्या फंदात पडू नकोस. आकार सुधारेल, पण माथा दिसतोय तो दिसतोयच. एकदा वरून टिपलेली वस्तू समोरून बघितल्यासारखी करायला गेलास तर चाकं लंबगोल होतात आणि चेनची वळणं वेडीवाकडी होतात. बॅग तुझ्याकडे आहे, कॅमेरा तुझ्याकडे आहे, पुन्हा शूट कर. तोच कॅमेरा, लेन्सची तीच फोकल लेंग्थ, जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंची, कॅमेरा सरळ समोर, खाली झुकवायचा नाही. अंतर असं ठेव की शेवटच्या चित्रात फ्रेमचा जेवढा भाग बॅगेने व्यापायला हवा, तेवढाच ती फोटो काढतानाही व्यापेल. मग बॅग लहानमोठी करावी लागत नाही, आणि तिची तीक्ष्णता पार्श्वभूमीशी आपोआप बरीच जुळते.

उजेडाचीही तीच गत आहे. बॅगेवर डावीकडच्या खिडकीचा मऊ उजेड आहे, प्लॅटफॉर्मवर उजवीकडून मावळतीचं तिरपं ऊन. सरळ मार्ग म्हणून तू बॅग आडवी उलटवलीस, हे मला चेनच्या कुलपावरून कळलं. मूळ फोटोत कुलूप एका बाजूला, चित्रात दुसऱ्या बाजूला. जाहिरातीत हा गुन्हा आहे. वस्तू क्लायंटची असते, तिचं कुलूप, बटण, नाव जिथे आहे तिथेच राहिलं पाहिजे. उलटवायचीच वेळ आली तर पार्श्वभूमी उलटवतात, आणि तीही आधी फलक, घड्याळ, गाडीचा नंबर असं काही त्यात नाही ना हे बघून. पुन्हा शूट करतोच आहेस तर बॅग बाहेर ने, ऊन तसंच तिरपं असेल अशा वेळी, ते उजवीकडून येईल अशी उभी कर.

सावलीचा अंदाजही हवेतून काढू नकोस, तो तुझ्या फोटोतच आहे. प्लॅटफॉर्मवरच्या बाकाची सावली सरळ डावीकडे पडलीय, म्हणजे बाकाची उंची आणि त्याची सावली एकाच अंतरावर आहेत आणि पडद्यावर पट्टीने मोजता येतात. मी मोजली. सावली उंचीच्या दुप्पट आहे. मग ७० सेंटिमीटरच्या बॅगेची सावली १४० सेंटिमीटर हवी. तुझी जेमतेम अर्धी आहे, आणि काळीकुट्ट आहे. उघड्यावरच्या सावलीत आभाळाचा उजेड मिसळलेला असतो, ती निळसर असते. रंग बाकाच्या सावलीतून उचल. चाकांखाली मात्र एक वेगळी, अगदी अरुंद, गडद सावली लागते, जिथे रबर जमिनीला टेकतं तिथे. ती नसली की बॅग दोन बोटं वर तरंगते. लांबची सावली एका लेयरवर आणि ही टेकणारी दुसऱ्या लेयरवर ठेव. लांब सावलीची कड चाकाजवळ स्पष्ट आणि टोकाकडे विरत जाणारी असते, सगळीकडे सारखा ब्लर देऊ नकोस.

एवढं केलंस की जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेव. पत्राचा मुख्य परिच्छेद तयार झाला. कारण तुझ्या पत्रात आत्ता जे आहे त्यातलं एकही वाक्य खोटं ठरवता येत नाही, आणि म्हणून खरंही ठरत नाही. ‘बारकाईने काम करणारा’ असं मी वाचलेल्या बहुतेक अर्जांत असायचं, आणि सोबत जोडलेल्या चित्रात बॅगा तरंगत असायच्या. अर्ज वाचणारा रिटच हेड असेल तर त्याला एकच गोष्ट हवी असते: या पोराच्या हाती दोन फोटो दिले तर ते जुळत नाहीत हे तो पहिल्या तासात येऊन सांगेल, की दोन दिवस घासून मग सांगेल? स्टुडिओत पुन्हा शूट करणं दरवेळी जमत नाही. फोटोग्राफर मोकळा नसतो, वस्तू परत गेलेली असते. पण पहिल्याच दिवशी कळलं तर दुसरी पार्श्वभूमी तरी शोधता येते. ज्युनिअरची किंमत सुरुवातीला हातापेक्षा या वेळेवर सांगण्यात जास्त असते. आणि ते तुला येतं हे ‘मी निरीक्षक आहे’ असं लिहून कळत नाही, ‘पहिल्या चित्रात बॅगेचा माथा दिसत होता’ असं लिहून कळतं.

मला कुठे चुकलं ते कसं सांगू, असं वाटत असेल तुला. सांग, पण सुधारलेलं सांग. नुसती चूक कबूल करणारं पत्र केविलवाणं वाटतं. काय दिसलं, कशावरून ओळखलं, काय केलं, हे तीन वाक्यांत आलं की पुरे. ही चूक मी दाखवून दिली हेही लपवू नकोस. ‘एका अनुभवी रिटचरने दाखवल्यावर’ असं लिहिलंस तर काही बिघडत नाही. मुलाखतीत कोणी क्षितिजरेषा विचारली आणि तुला ती कागदावर काढता आली, म्हणजे झालं. नाही आली तर मात्र माझं वाक्य उसनं घेतलेलं कळेल, म्हणून आधी दोन-तीन निरनिराळ्या फोटोंवर ती काढून बघ.

आता त्या हमालीबद्दल. तीन महिने रोज ४०-५० कटआउट म्हणजे एका वस्तूला दहा-बारा मिनिटं. ज्युनिअर रिटचरचा पहिल्या वर्षातला दिवस कशात जातो? कटआउटमध्ये, पार्श्वभूमी वाढवण्यात, आणि एका मास्टरवरून वेगवेगळ्या मापांचे अ‍ॅडॅप्ट काढण्यात. तू नेमकं तेच खोडून टाकलंस आणि त्याजागी ‘सर्जनशील’ लिहिलंस! पेन टूलने काम करायची सवय आहे, वेग आहे, रोजचा आकडा पुरा केलाय, परत आलेलं काम दुरुस्त केलंय, हे ज्याच्या अर्जात असतं त्याला आम्ही आधी बोलवायचो.

फक्त त्यातली एक खोड तुझ्या बॅगेत आलीय, आणि तीही पत्रात वापरण्यासारखी आहे. ऑनलाइन दुकानाच्या वस्तू पांढऱ्यावर जातात. पांढऱ्यावर कटआउटची कड थोडी बाहेर राहिली, मूळ भिंतीचा एखादा पिक्सेल सोबत आला, तरी दिसत नाही. तीच वस्तू संध्याकाळच्या गडद प्लॅटफॉर्मवर ठेवली की कडेला पांढरी रेघ उमटते. तुझ्या बॅगेच्या डाव्या कडेला ती आहे, फोटो शंभर टक्के मोठा करून बघ. तपासायचं असं: कटआउटच्या खाली एकरंगी लेयर टाक, एकदा काळा, एकदा मधला करडा, एकदा पांढरा. तिन्हींवर कडेला रेघ दिसली नाही तरच ती कड झाली. बॅगेसारख्या कडक वस्तूचा पाथ वस्तूच्या हद्दीच्या एखादा पिक्सेल आतून घे, मग मास्कला अर्ध्या पिक्सेलचा फेदर दे. पाथची कड कात्रीने कापल्यासारखी तीक्ष्ण असते, आणि कॅमेऱ्याने टिपलेली कुठलीच कड तितकी तीक्ष्ण नसते.

पत्रात हे इतकं लिहायचं नाही. ‘पांढऱ्यावर चालणारी कड गडद पार्श्वभूमीवर चालत नाही, म्हणून आता मी प्रत्येक कटआउट काळ्या, करड्या आणि पांढऱ्यावर तपासतो’ एवढं एक वाक्य बास. ज्याला कळायचं त्याला कळतं.

खुर्चीचं काम मला बॅगेपेक्षा जास्त आवडलं. जाहिरातीत तेच सतत लागतं: फोटो आडवा येतो, जागा उभी असते, वर मथळ्यासाठी मोकळी भिंत हवी असते. लाकडी फरशी तू नीट वाढवलीस, फळ्यांच्या फटी बरोबर लांब गेल्यात. पण भिंतीत दोन गोष्टी आहेत. पहिली, वरच्या भागात आडवे पट्टे दिसतात. भिंत खालून वर किंचित गडद होत जाते. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात, आणि तुझ्या भिंतीने त्यातल्या विसेकच वापरल्यात. वीस पायऱ्या २,००० पिक्सेलवर पसरल्या तर एकेक पायरी १०० पिक्सेल रुंद होते. एवढा रुंद पट्टा दिसणारच. उपाय असा की फाइल १६ बिटमध्ये नेऊन तिथे ग्रेडियंट करायचा आणि त्यावर थोडा नॉइज टाकायचा. नॉइज महत्त्वाचा, कारण शेवटी जेपेग आठ बिटचीच होते आणि नुसते १६ बिट तिथे उपयोगी पडत नाहीत. नॉइजने पायरीची सीमा विस्कटते, डोळ्याला पट्टा सापडत नाही.

त्याच नॉइजने दुसरी गोष्टही सुटते. मूळ फोटोतल्या भिंतीला कॅमेऱ्याचे बारीक दाणे आहेत, तू वाढवलेली भिंत गुळगुळीत आहे. दोनशे टक्के मोठं केलं की जोड एखाद्या इस्त्रीच्या घडीसारखा उठून दिसतो. पन्नास टक्के करड्या रंगाचा लेयर ओव्हरले मोडवर ठेव, त्यावर नॉइज दे, मास्कने फक्त वाढवलेल्या भागापुरता ठेव आणि दाणे मूळ भागाशी जुळेपर्यंत कमीजास्त कर. वेगळा लेयर असल्यामुळे उद्या कोणी ‘जरा कमी’ म्हणालं तर फाइल पुन्हा करावी लागत नाही.

पार्श्वभूमी वाढवताना एकच डाग दोनदा येतो, ते तुझ्या फोटोत झालेलं नाही, याबद्दल शाबासकी. माझ्याकडून झालं होतं. एका मोठ्या होर्डिंगसाठी आभाळ वाढवताना मी एक ढग स्टँपने उचलला आणि डावीकडेही बसवला. पडद्यावर वीस वेळा बघूनही दिसला नाही. छापून वर चढल्यावर रस्त्यापलीकडून पहिल्याच नजरेत दिसला, दोन जुळे ढग, एकमेकांकडे बघत असलेले. तेव्हापासून चित्र लहान करून आणि आरशासारखं उलटवून बघितल्याशिवाय मी फाइल सोडत नाही. उलटवलेल्या चित्राची डोळ्याला सवय नसते, म्हणून त्यात पुनरावृत्ती, तिरकी झालेली भिंत, चुकीची सावली पटकन दिसते.

बाकीचं भराभर सांगते. किती वेळ लागला ते खरं लिही. बॅगेला नऊ तास लागले असतील तर नऊ लिही, ज्युनिअरला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ‘दोन तासांत केलं’ म्हणालास तर पहिल्या चाचणीतच उघडं पडतं. असे स्टुडिओ बऱ्याचदा चाचणी म्हणून एखादी फाइल देतात. फोटो तुझे स्वतःचे आहेत हे जरूर सांग, कारण बरेच नवशिके कोर्समध्ये वाटलेल्या त्याच त्या फाइली पाठवतात आणि आम्ही त्या ओळखतो. वॉटरमार्क असलेला स्टॉक फोटो कामात कधीच नको. बॅगेवर कंपनीचं नाव दिसत असेल तर ‘हे स्वतःच्या सरावासाठी केलेलं काम आहे, कंपनीसाठी केलेलं नाही’ अशी ओळ घाल. ऑनलाइन दुकानाचे कटआउट दाखवायचे असतील तर आधी त्यांना विचार, आणि जे अजून विक्रीला आलेलं नाही ते मुळीच दाखवू नकोस. अशा गोष्टी जो स्वतःहून सांभाळतो त्याच्या हाती क्लायंटचं न प्रसिद्ध झालेलं काम द्यायला भीती वाटत नाही.

सॉफ्टवेअरची यादी एका ओळीच्या वर नको. आणि ‘प्रभुत्व’ हा शब्द तर नकोच, समोरचा माणूस वीस वर्षं तेच वापरत असतो. ‘आपली नामांकित संस्था’ काढ आणि त्यांनी केलेलं एखादं काम बघून त्यातली एक गोष्ट लिही, पण कारागिराच्या नजरेने. ‘तुमचं काम अप्रतिम आहे’ असं नको. ‘त्या जाहिरातीत ओल्या रस्त्यावरच्या प्रतिबिंबात गाडीचा खालचा भाग दिसतो, तो कसा मिळवला असेल याचा मी विचार करत होतो’ असं. प्रतिबिंबात वस्तूची खालची बाजू दिसते, वरून काढलेला फोटो नुसता उलटा करून ते जमत नाही. हे तू बघितलंस म्हणजे तुझी नजर कुठे जाते ते कळलं. असं काही खरंच सापडलं नाही तर ही ओळ गाळ. ओढूनताणून आणलेलं कौतुक वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मी लिहिलं असतं ते साधारण असं. पुन्हा शूट करून झाल्यावर, आकडे आणि अनुभव तुझे घालून, तुझ्या शब्दांत कर:

‘नमस्कार. ज्युनिअर रिटचर (कॉम्पोझिट व बॅकग्राउंड) या जागेसाठी अर्ज करत आहे. दोन कामं सोबत जोडली आहेत, दोन्हींचे मूळ फोटो मीच काढले आहेत.

पहिलं काम: संध्याकाळच्या प्लॅटफॉर्मवर ट्रॉली बॅग. पहिल्या प्रयत्नात बॅग वरून काढलेली होती आणि पार्श्वभूमीचा कॅमेरा ६० सेंटिमीटरवर होता. एका अनुभवी रिटचरने क्षितिजरेषा काढून दाखवल्यावर लक्षात आलं की बॅगेचा माथा दिसायलाच नको होता, आणि ती जवळजवळ दुप्पट मोठी झाली होती. बॅग त्याच उंचीवरून आणि तशाच तिरप्या उन्हात पुन्हा शूट केली. सावलीची लांबी प्लॅटफॉर्मवरच्या बाकाच्या सावलीवरून घेतली. दोन्ही प्रयत्न शेजारी शेजारी ठेवले आहेत. दुसऱ्या प्रयत्नाला शूट धरून नऊ तास लागले.

दुसरं काम: खुर्चीचा आडवा फोटो उभ्या जागेसाठी वाढवला आहे. भिंतीच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे येत होते, ते १६ बिट आणि नॉइजने काढले. वाढवलेल्या भागाचे दाणे मूळ फोटोशी जुळवले आहेत.

याआधी तीन महिने एका ऑनलाइन दुकानासाठी रोज ४० ते ५० वस्तूंचे कटआउट केले. ते पांढऱ्यासाठी होते. तशी कड गडद पार्श्वभूमीवर चालत नाही हे बॅगेच्या कामात कळलं, म्हणून आता प्रत्येक कड काळ्या, करड्या आणि पांढऱ्यावर तपासतो.

केस आणि काच यांचे मास्क मला अजून हळू जमतात. कटआउट, पार्श्वभूमी वाढवणं आणि अ‍ॅडॅप्ट या कामांना पहिल्या दिवसापासून हात लावू शकेन. दोन्ही कामांच्या लेयर असलेल्या फाइल तयार आहेत, हव्या तेव्हा उघडून दाखवतो.’

केस आणि काचेचं वाक्य मी तुझी कामं बघून अंदाजाने घातलंय, दोन्हींत ना केस आहेत ना काच. तुला ते चांगलं जमत असेल तर ओळ काढ आणि त्याचा एक नमुना जोड. नसेल तर राहू दे. नाहीतर पहिल्याच आठवड्यात परफ्यूमच्या बाटल्या समोर येतील.

चित्रं ईमेलला जेपेग म्हणून जोड, एसआरजीबी प्रोफाइलमध्ये, लांब बाजू २,००० पिक्सेलच्या आसपास. दुसऱ्याच प्रोफाइलमध्ये ठेवलीस तर कोणाच्या तरी पडद्यावर तुझी मावळती फिकी पडेल. फाइलची नावं `bag_01_before.jpg`, `bag_02_after.jpg` अशी, क्रमाने उघडतील अशी दे. `final_final2.jpg` बघितलं की हातात कशी फाइल येणार आहे ते कळतं.

आणि लेयरची फाइल खरंच तयार ठेव, नुसतं लिहू नकोस. तू पाठवलेल्या पीएसडीत ‘लेयर ४३ कॉपी’ पर्यंत नावं आहेत, सावली थेट बॅगेच्या लेयरमध्ये मिसळून टाकलीय, आणि बॅगेवरचा रंग कायमचा बदललाय, अ‍ॅडजस्टमेंट लेयर नाही. मुलाखतीत कोणी म्हणालं, ‘सावली जरा उजळ करून दाखव’, तर तुला ती करता येणार नाही. नव्याने करतोच आहेस तर बॅग स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून ठेव, तिचे कर्व्हज तिच्यावर क्लिप कर, दोन्ही सावल्या वेगळ्या, नावं साधी: बॅग, चाकांखाली, लांब सावली, दाणे. पत्र पाठवायच्या घाईत हे अर्धवट सोडू नकोस. दोन दिवस उशिरा गेलं तरी चालेल, शेवटची तारीख मात्र आधी बघून घे.